लेबलं नसताना क्लस्टर कसे तपासायचे? सिलुएट स्कोअर आणि एआरआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची जवळजवळ सगळी उत्तरं एकाच डेटावर दिली आहेत: आयरिसची १५० फुलं. एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने यातली मोजमापं घेतली आणि रोनाल्ड फिशरने १९३६ मध्ये ती प्रसिद्ध केली. सेटोसा, व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका या तीन प्रजाती, प्रत्येकीची ५० फुलं, आणि प्रत्येक फुलाची चार मापं: निदलाची लांबी-रुंदी, पाकळीची लांबी-रुंदी, सगळी सेंटिमीटरमध्ये. हा डेटा वापरून वापरून गुळगुळीत झालाय, मान्य. तरी इथे तोच घेतला, कारण लेबलं झाकून ठेवता येतात आणि हवी तेव्हा उघडून बघता येतात. शिवाय या विषयातली सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट याच डेटात स्वच्छ दिसते.

## सिलुएट स्कोअर नेमकं काय मोजतो?

प्रत्येक बिंदूला दोन प्रश्न विचारतो. तुझ्या गटातले बाकीचे तुझ्यापासून सरासरी किती लांब आहेत? आणि शेजारच्या, म्हणजे सगळ्यात जवळच्या परक्या गटातले सरासरी किती लांब आहेत? पहिलं उत्तर `a`, दुसरं `b`. मग:

```
s = (b - a) / max(a, b)
```

कल्पना पीटर रूसेउ या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाची, १९८७ मधली. कागदावर एकदा करून बघा, म्हणजे कायमचं लक्षात राहील. एका सरळ रस्त्यावर पाच वाड्या आहेत, नाक्यापासून २, ४, ६, १२ आणि १४ किलोमीटरवर. पहिल्या तीन एका गटात, शेवटच्या दोन दुसऱ्या गटात.

सहाव्या किलोमीटरची वाडी घेऊ. आपल्या गटातल्या दोघींपासून तिचं अंतर ४ आणि २, म्हणून `a` झाला ३. पलीकडच्या दोघींपासून ६ आणि ८, म्हणून `b` झाला ७. स्कोअर (७ − ३) / ७, म्हणजे ०.५७. चौथ्या किलोमीटरच्या वाडीचा असाच ०.७८ येतो, दुसऱ्या किलोमीटरच्या वाडीचा ०.७३, आणि पलीकडच्या दोघींचे ०.७५ आणि ०.८०. पाचांची सरासरी ०.७३ च्या आसपास. `silhouette_score` जो एक आकडा छापतो, तो हाच.

आता सहाव्या किलोमीटरची वाडी मुद्दाम चुकीच्या गटात, १२ आणि १४ बरोबर टाका. तिच्यासाठी `a` आणि `b` यांची अदलाबदल होते आणि स्कोअर −०.५७ येतो. ऋण स्कोअरचा अर्थ एवढाच: हा बिंदू स्वतःच्या गटापेक्षा शेजारच्या गटाला जास्त जवळचा आहे. शून्याच्या आसपास असेल तर तो वेशीवर उभा आहे. गटात एकटाच बिंदू असेल तर त्याच्यासाठी `a` काढताच येत नाही. तिथे स्कोअर शून्य धरायचा, असं रूसेउनेच ठरवून दिलंय.

या सगळ्या हिशेबात लेबल कुठेच आलं नाही, फक्त अंतरं आली.

## किती आला म्हणजे चांगला म्हणायचा?

कॉफमन आणि रूसेउ यांनी १९९० मध्ये एक अंदाजपट्टी दिली होती. ०.७० च्या वर असेल तर गटांची रचना भक्कम, ०.५१ ते ०.७० असेल तर ठीकठाक, ०.२६ ते ०.५० असेल तर कमकुवत आणि कदाचित कृत्रिम, त्याखाली असेल तर सांगण्यासारखं काही नाही. ही पट्टी अनुभवातून आलेली आहे, कुठल्या सिद्धांतातून सिद्ध झालेली नाही. आणि ती सरसकट लावता येत नाही. शब्दसंख्येवर आधारलेल्या मजकुराच्या डेटात हजारो रकाने असतात, आणि सगळेच बिंदू एकमेकांपासून साधारण सारखेच लांब पडतात. तिथे उत्तम गट पडले तरी स्कोअर ०.१ च्या खाली राहू शकतो. म्हणून मी स्वतः आकड्याला पास-नापास करत नाही. त्याच डेटावर, त्याच अंतराच्या मापाने, एका विभागणीची दुसरीशी तुलना करायला तो वापरतो.

## आयरिसमध्ये तीन प्रजाती आहेत, पण सिलुएट म्हणतो दोन गट करा. म्हणजे स्कोअर चुकला ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून इथे जरा थांबू. आधी आकडे काढू.

```python
from sklearn.datasets import load_iris
from sklearn.cluster import KMeans
from sklearn.metrics import silhouette_score, adjusted_rand_score

X, y = load_iris(return_X_y=True)
for k in range(2, 5):
    g = KMeans(n_clusters=k, n_init=10, random_state=42).fit_predict(X)
    print(k, round(silhouette_score(X, g), 2),
             round(adjusted_rand_score(y, g), 2))
```

```
2 0.68 0.54
3 0.55 0.73
4 0.5 0.65
```

पहिला स्तंभ गटांची संख्या, दुसरा सिलुएट, तिसरा एआरआय, म्हणजे ॲडजस्टेड रँड इंडेक्स. तो खऱ्या प्रजातींशी ताडून बघतो. सिलुएट दोन गटांना पसंती देतो, एआरआय तीन गटांना. दोघांचं भांडण आहे असं वाटतं.

आता मोजमापांकडे बघा. सेटोसाच्या पाकळीची लांबी १.० ते १.९ सेंटिमीटर. व्हर्सिकलरची ३.० ते ५.१. व्हर्जिनिकाची ४.५ ते ६.९. सेटोसा आणि बाकीच्या दोघी यांच्यात सेंटिमीटरभराची मोकळी जागा आहे, तिथे एकही फूल नाही. व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका मात्र ४.५ ते ५.१ च्या पट्ट्यात एकमेकींत मिसळलेल्या आहेत. डोळ्यांवर पट्टी बांधून नुसतं अंतर चाचपणाऱ्या माणसाला इथे दोनच ढीग हाताला लागतील. सिलुएट तेच सांगतोय, आणि ते खरं आहे.

यंत्रणा अशी चालते. दोन गट केले की व्हर्सिकलरच्या एखाद्या फुलासाठी शेजारचा गट म्हणजे सेटोसा, आणि तो दूर असल्याने `b` मोठा. तीन गट केले की `a` थोडा कमी होतो, गट लहान आणि घट्ट झाला म्हणून. पण शेजारी आता व्हर्जिनिकाचा गट येतो, अगदी भिंतीला भिंत लावून, आणि `b` धाडकन खाली येतो. `a` मधला फायदा `b` मधल्या नुकसानीला पुरत नाही. म्हणून ०.६८ चे ०.५५ झाले.

तेव्हा चुकलं कोणीच नाही. सिलुएट विचारतो: या मापांमध्ये वेगळे ढीग किती दिसतात? एआरआय विचारतो: तुझे गट वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावांशी किती जुळतात? अँडरसनने फुलं ओळखली ती या चार आकड्यांवरून नव्हे. पुरी वनस्पती त्याच्यासमोर होती. नावांमागची सगळी माहिती या चार रकान्यांत उतरलेली नाही, आणि जी उतरली नाही ती कुठलाही अंतर्गत स्कोअर शोधून काढू शकत नाही.

## मग खरी लेबलंच गट म्हणून दिली तर सिलुएट तरी उत्तम येईल?

करून बघा: `silhouette_score(X, y)`. उत्तर ०.५० येतं. के-मीन्सने स्वतः पाडलेल्या तीन गटांना ०.५५ मिळाले होते, म्हणजे खऱ्या प्रजातींना के-मीन्सपेक्षा कमी गुण. वर्गात हे दाखवलं की दोन मिनिटं कोणी बोलत नाही.

कारण वरचंच आहे. मिसळलेल्या पट्ट्यातली काही फुलं मापांनी शेजारच्या प्रजातीला जास्त जवळची आहेत. खरं लेबल लावलं की त्यांचा स्कोअर ऋण होतो आणि सरासरी खाली ओढली जाते. के-मीन्स ती फुलं बिनदिक्कत शेजारच्या गटात टाकतो, आणि त्याची आकृती नीटनेटकी दिसते. सिलुएट वाढला म्हणजे आपण सत्याच्या जवळ गेलो असं मानणाऱ्याने हा एक आकडा टेबलाशेजारी चिकटवून ठेवावा.

## सरासरीचा एकच आकडा पुरेसा आहे का?

नाही. निदान गटवार तरी फोडून बघाच. आयरिसच्या तीन गटांची सरासरी ०.५५, पण आत डोकावलं तर सेटोसाचा ५० फुलांचा गट ०.८० वर आहे, आणि बाकीचे दोन, ६२ आणि ३८ फुलांचे, ०.४२ आणि ०.४५ वर. ०.५५ हा आकडा यातल्या कुठल्याच गटाचं वर्णन करत नाही. एक गट ठणठणीत, दोन ढिसाळ, हे खरं चित्र. `silhouette_samples` प्रत्येक बिंदूचा स्कोअर देतो. गटवार मोठ्याकडून लहानाकडे लावून आडव्या पट्ट्या काढल्या की सुरीच्या पात्यासारख्या आकृत्या दिसतात. पातं रुंद आणि शेवटपर्यंत टिकणारं असेल तर गट चांगला. टोकाला निमुळतं होत शून्याच्या डावीकडे गेलं, तर तेवढे बिंदू परके.

सरासरीने मला स्वतःला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय. एका दुकानदाराच्या ग्राहकांचे गट पाडायचे होते. रकाने दोन-तीनच, त्यातला एक वर्षभराची खरेदी रुपयांत. दोन गट, सिलुएट ०.९ च्या वर. मी खुशीत स्लाइड बनवून मोकळा. समोरच्याने विचारलं, ‘दुसऱ्या गटात माणसं किती?’ सात. घाऊक माल उचलणारे सात जण एकीकडे आणि बाकी सगळं गाव दुसरीकडे. सातही जण इतके लांब होते की गावातल्या प्रत्येकाचा `b` अवाढव्य झाला, आणि गावाच्या आत काय गट आहेत हे बघायची वेळच आली नाही. तेव्हापासून स्कोअर छापण्याआधी प्रत्येक गटात किती बिंदू आहेत ते छापतो.

## लेबलं हाताशी आहेत, मग सरळ अचूकता का नाही काढायची?

कारण के-मीन्सने दिलेले ०, १, २ हे आकडे म्हणजे नावं नव्हेत, नुसत्या चिठ्ठ्या आहेत. सेटोसाला एका वेळी ० मिळेल, `random_state` बदललं की १ मिळेल. गट तेच राहूनही `accuracy_score` वर-खाली उड्या मारत राहील. गटांची आणि प्रजातींची जोडी आधी लावून घेतली तर अचूकता काढता येते. आयरिसमध्ये १५० पैकी १३४ फुलं जुळतात, १६ चुकतात. पण गट दोन आणि प्रजाती तीन असतील तर जोडी कशी लावणार? म्हणून फुलांऐवजी फुलांच्या जोड्या मोजायच्या. चिठ्ठीवर काय लिहिलंय याने जोड्यांना फरक पडत नाही.

## एआरआय नक्की कसा निघतो?

आधी तक्ता. के-मीन्सच्या तीन गटांपैकी एकात सेटोसाची ५० च्या ५० फुलं आहेत. ६२ च्या गटात ४८ व्हर्सिकलर आणि १४ व्हर्जिनिका. ३८ च्या गटात २ व्हर्सिकलर आणि ३६ व्हर्जिनिका.

१५० फुलांतून दोन-दोन उचलली तर ११,१७५ जोड्या होतात. त्यातल्या ३,६७५ जोड्या एकाच प्रजातीच्या. के-मीन्सने एकाच गटात ठेवलेल्या जोड्या ३,८१९. आणि दोन्हीकडे एकत्र असलेल्या, म्हणजे प्रजातही एक आणि गटही एक, अशा ३,०७५.

विल्यम रँडने १९७१ मध्ये सुचवलेला साधा रँड इंडेक्स असा: दोन्हीकडे एकत्र असलेल्या ३,०७५ आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या असलेल्या ६,७५६ जोड्या मिळवायच्या आणि एकूण जोड्यांनी भागायचं. उत्तर ०.८८. छान वाटतं, पण त्यातला मोठा वाटा ‘दोन्हीकडे वेगळ्या’ या फुकटच्या जोड्यांचा आहे. आंधळेपणाने गट पाडले तरी बऱ्याच जोड्या दोन्हीकडे वेगळ्या निघतातच.

ह्यूबर्ट आणि अराबी यांनी १९८५ मध्ये हा फुकटचा भाग वजा केला. गटांचे आकार तेच ठेवून फुलं नुसती पिसली, तर योगायोगाने दोन्हीकडे एकत्र येणाऱ्या जोड्या किती? ३,६७५ × ३,८१९ / ११,१७५, म्हणजे साधारण १,२५६. जास्तीत जास्त किती धरायच्या? ३,६७५ आणि ३,८१९ यांची सरासरी, ३,७४७. आता:

```
(3075 - 1256) / (3747 - 1256) = 1819 / 2491 = 0.73
```

वर संगणकाने छापलेला ०.७३ तो हाच. पूर्ण जुळणी असेल तर १, नुसता योगायोग असेल तर शून्याच्या आसपास, योगायोगापेक्षाही वाईट असेल तर ऋण. ०.७३ ला ‘७३ टक्के बरोबर’ मात्र म्हणू नका. फुलं तर ८९ टक्के बरोबर आहेत. ०.७३ चा अर्थ, योगायोगापासून पूर्ण जुळणीपर्यंतच्या वाटेवर आपण जवळजवळ पाऊण भाग चाललो.

## होमोजिनिटी, कम्प्लीटनेस, व्ही-मेझर, एनएमआय यांची मग गरज काय?

एआरआय चूक किती ते सांगतो, कुठल्या बाजूची ते सांगत नाही. होमोजिनिटी विचारते: एका गटात एकाच प्रजातीची फुलं आहेत का? कम्प्लीटनेस विचारते: एका प्रजातीची सगळी फुलं एकाच गटात आहेत का? आयरिसच्या दोन गटांच्या विभागणीत होमोजिनिटी ०.५२ आणि कम्प्लीटनेस ०.८८ येते. वाचायला सोपं आहे: प्रजाती फुटलेल्या नाहीत, पण दोघी एका खोलीत कोंबल्या आहेत. (व्हर्सिकलरची तीन फुलं तेवढी सेटोसाच्या गटात जातात, म्हणून कम्प्लीटनेस पूर्ण १ नाही.) तीन गटांत दोन्ही आकडे ०.७५ आणि ०.७६ असे बरोबरीत येतात. तफावत दिसली की गट वाढवायचे की कमी करायचे याचा इशारा मिळतो.

या दोघींची हार्मोनिक सरासरी म्हणजे व्ही-मेझर. नेहमीच्या सेटिंगमध्ये एनएमआय म्हणजे तेच, नाव वेगळं. अहवालात दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापून ‘दोन मापांनी पुष्टी झाली’ असं लिहिलेलं मी वाचलंय. पुष्टी कसली, तोच माणूस टोपी बदलून आलाय.

एनएमआयची एक खोड माहीत असू द्या. त्यात योगायोग वजा केलेला नाही, म्हणून गट वाढवत नेले की तो फुगतो. प्रत्येक फुलाचा वेगळा गट केला, १५० फुलांचे १५० गट, तर होमोजिनिटी पूर्ण १ येते आणि एनएमआय शून्याच्या बराच वर राहतो. एआरआय मात्र शून्य येतो. वेगवेगळ्या गटसंख्यांची तुलना करायची असेल तर एआरआय वापरा किंवा एएमआय, म्हणजे योगायोग वजा केलेला एनएमआय: `adjusted_mutual_info_score`.

## डेटा स्टँडर्डाइझ केला आणि सिलुएट घसरला. स्केलिंग चुकलं का?

घसरला म्हणून चुकलं असं म्हणता येत नाही. वाढला असता तरी बरोबर म्हणता आलं नसतं. आयरिसवर `StandardScaler` लावून तीन गट केले की सिलुएट ०.५५ वरून ०.४६ वर येतो. पण हे दोन आकडे एका तराजूतले नाहीत. स्केलिंगने अंतरच बदललं, आणि सिलुएट तर अंतराचाच बनलेला. सेंटिमीटरमध्ये पाकळीची लांबी सगळ्यात जास्त पसरलेली असल्याने अंतरावर तिचंच राज्य होतं. स्केलिंगनंतर निदलाच्या रुंदीलाही तेवढंच मत मिळालं, आणि निदलाची रुंदी प्रजाती वेगळ्या करायला फारशी कामाची नाही.

इथे बाहेरच्या लेबलांचा खरा उपयोग कळतो. एआरआय अंतराकडे बघतच नाही, फक्त कोण कोणाबरोबर आहे ते बघतो. म्हणून स्केलिंगच्या आधीचा आणि नंतरचा एआरआय बिनधास्त शेजारी ठेवता येतो: ०.७३ वरून ०.६२. या डेटात स्केलिंगने खरोखरच नुकसान केलं, आणि ते आपण लेबलं होती म्हणून सांगू शकलो. यावरून ‘स्केल करू नका’ असा नियम काढू नका. आयरिसची चारही मापं एकाच एककात आहेत. रुपये आणि दिवस शेजारी असतील तर स्केल न करता क्लस्टरिंग करणं म्हणजे नुसते रुपये मोजणं.

रकाने कमी केल्यावर, उदाहरणार्थ पीसीए करून दोनच ठेवल्यावर, सिलुएट वाढला म्हणून आनंद होतो, त्यालाही हेच लागू. मोजपट्टी बदलली की आकडा बदलणारच. पीसीएनंतरचे गट मूळ रकान्यांवर तपासा. म्हणजे `silhouette_score` ला गट नवे द्या, पण `X` जुनाच द्या. मग तुलना होईल.

## डीबीस्कॅनचे गट डोळ्याला बरोबर दिसतात, पण सिलुएट के-मीन्सला जास्त गुण देतो. का?

सिलुएटला गोल, भरीव, एकमेकांपासून सुटे ढीग आवडतात. `make_moons` ने काढलेल्या एकमेकींत अडकलेल्या दोन चंद्रकोरी घ्या. नीट `eps` दिला तर डीबीस्कॅन दोन्ही कोरी वेगळ्या करतो आणि एआरआय १ येतो. के-मीन्स दोन्ही कोरी मधोमध कापतो आणि तरीही सिलुएट त्यालाच वरचढ ठरवतो. कोरीच्या एका टोकाचा बिंदू दुसऱ्या टोकापासून लांब असतो, म्हणून `a` मोठा. शेजारची कोर पोटाशी आलेली, म्हणून `b` लहान. लांबट किंवा वळलेल्या गटांसाठी हे माप नाही. घनतेवर आधारलेलं डीबीसीव्ही हे माप त्यासाठी आहे.

डीबीस्कॅन वापरताना आणखी एक खड्डा. कुठल्याच गटात न बसणाऱ्या बिंदूंना तो −१ देतो, आणि `silhouette_score` ला हे माहीत नसतं. सगळे विखुरलेले बिंदू मिळून ‘−१ नावाचा गट’ आहे असं समजून तो हिशेब करतो. एआरआयचंही तसंच. आधी गाळा:

```python
m = g != -1
print(m.mean(), silhouette_score(X[m], g[m]))
```

पहिला आकडा, म्हणजे किती टक्के बिंदू उरले, तो लपवू नका. अर्धे बिंदू कचऱ्यात टाकून मिळवलेला ०.८ कोणालाही मिळवता येतो.

## एकच गट असेल तर?

`Number of labels is 1` असं सांगून सायकिट-लर्न थांबतो. शेजारी गट नाही, म्हणजे `b` नाही. याचा दुसरा अर्थ असा की ‘या डेटात गटच नाहीत’ हे उत्तर सिलुएट कधीच देऊ शकत नाही. तो दोनपासूनच मोजायला लागतो. संशय असेल तर प्रत्येक रकाना वेगवेगळा पिसून, म्हणजे रकान्यांमधलं नातं तोडून, त्यावर तेच क्लस्टरिंग वीस-पंचवीस वेळा चालवा. खऱ्या डेटाचा स्कोअर या पिसलेल्या डेटाच्या स्कोअरांमध्येच लपून जात असेल, तर त्या गटांवर पैज लावू नका.

## लाखभर नोंदी आहेत, स्कोअर संपतच नाही.

एक लाख नोंदींच्या जोड्या ५०० कोटी होतात. सगळ्यांचं अंतर काढायचं म्हणजे चहा पिऊन या. `sample_size=5000` द्या आणि `random_state` बदलून पाच-सहा वेळा चालवा. आकडे एकमेकांच्या जवळ आले तर पुरे. अगदी लहान गट असेल तर नमुन्यात त्याचे एक-दोनच बिंदू येतील किंवा तो गायबच होईल. तेव्हा गटवार समान नमुना स्वतः काढा आणि सरासरीऐवजी गटवार आकडे सांगा.

## लेबलं थोडीच आहेत, शंभर-दोनशे. त्यांचं काय करू?

गट सगळ्या डेटावर पाडा आणि एआरआय फक्त लेबल असलेल्या नोंदींवर काढा. या शंभर नोंदी यादृच्छिक निवडलेल्या हव्यात. कोणीतरी ‘ओळखायला सोप्या’ म्हणून आधी लेबल केलेल्या असतील तर एआरआय फुगेल, कारण वेशीवरचे बिंदू त्यात नाहीतच. आयरिसमधली सगळी गंमत त्या १६ फुलांत आहे. ती वगळली तर एआरआय १ येतो.

आणि एकाच लेबलांवर गटांची संख्या, स्केलिंग, अंतराचं माप हे सगळं ठरवून, त्याच लेबलांवरचा एआरआय अहवालात टाकू नका. निम्मी लेबलं निवड करायला ठेवा, निम्मी शेवटी एकदाच उघडायला. वेळ मिळाला तर लेबल लावणाऱ्या दोन माणसांना त्याच नोंदी वेगवेगळ्या देऊन त्यांचा आपापसातला एआरआय काढा. दोन माणसंच ०.८ वर थांबत असतील, तर तुमच्या ०.७५ बद्दल रात्री जागण्यात अर्थ नाही.